काकाच्या पासबुकातले ४३६ रुपये

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर तू म्हणालास ना, काका गेला तरी त्याचा पिन मला माहितीय, त्याच्या खात्यातले पैसे आजीच्या खात्यात टाकतो आणि ते ऑटोपे पण बंद करतो, पाच मिनिटांचं काम. तर ते अजिबात करू नकोस. माणूस गेल्यानंतरच्या तारखेला त्याच्या पिनने व्यवहार झाला की तो घरच्यांनी केला असला तरी चुकीचाच धरतात, आणि मग क्लेमच्या वेळी नको ते प्रश्न.

मी काकाचं पासबुक वर्षभराचं भरून आणलंय. वर्षभराचं अशासाठी की काही पैसे वर्षातून एकदाच कापले जातात आणि दोन-तीन महिन्यांच्या स्टेटमेंटात ते दिसतच नाहीत. काकाचंच बघ, दर महिन्याला सिनेमाच्या अ‍ॅपचे १४९, म्युच्युअल फंडाच्या एसआयपीचे १०००, घरच्या वायफायचं बिल, आणि मे अखेरीला एक ४३६ आणि एक २० ची ओळ. तू नुसतं "सगळं बंद करा" म्हणून सांगितलं असतंस तर ही ४३६ ची ओळ तशीच राहिली असती. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता आहे, १ जून ते ३१ मे असं त्याचं वर्ष चालतं, आणि माणूस कशानेही गेला तरी नॉमिनीला २ लाख मिळतात. ५५ पर्यंतच हा विमा चालतो, काका ५२ चा होता, म्हणजे बसतो. २० रुपयेवाला अपघाताचा, काका हार्टने गेला त्यामुळे त्याचं काही होणार नाही.

नॉमिनी आजी आहे, म्हणून कागद आजीचे लागणार, तुझं आधार पाठवून उपयोग नाही. ज्या शाखेतून हप्ता कापला जायचा तिथेच क्लेम फॉर्म मिळतो, त्याला मृत्यूचा दाखला, आजीचं आधार आणि आजीच्या पासबुकाचं पहिलं पान. खात्यातल्या पैशासाठी पण नॉमिनी आहे म्हटल्यावर वारस दाखल्याची भानगड नाही, साधारण हेच कागद आणि त्यांचा वेगळा फॉर्म, दोन्ही कामं एकाच फेरीत होतील.

दाखला मात्र आपल्या ग्रामपंचायतीत मिळायचा नाही हां. काका कुडाळला हॉस्पिटलात गेला ना, जिथे मृत्यू झाला तिथेच नोंद होते, दाखला तिथूनच आणायचा. प्रती जास्त घे. आणि हातात घेतल्याघेतल्या काउंटरवरच नाव वाच, आधारवर आहे तसंच अक्षर न् अक्षर पाहिजे. काकाला गावात सगळे बाबू म्हणतात, कोणी घाईत तेच लिहून दिलं असेल तर बँक म्हणणार हा माणूस वेगळा, मग नोंद दुरुस्त करा नाहीतर दोन्ही नावं एकाचीच म्हणून प्रतिज्ञापत्र करा, त्यात दिवस जातात.

आता बंद करायचं. बँकेला कळवलं की ते खात्यातून पैसे जाणं थांबवतात, पण कंपनीला त्यातलं काही कळत नाही, तिला एवढंच दिसतं की हप्ता परत आला. सिनेमावाल्यांचं सोड, पैसे नाही मिळाले की ते आपोआप बंद करतात. (फोनमधून अ‍ॅप काढून टाकल्याने मात्र काही बंद होत नाही, तुझ्या मावशीला अजून पटत नाही ते.) वायफायचं तसं नाही, ते पोस्टपेड, लाइन चालू आहे तोवर बिल चढत राहणार आणि वर लेट फी. त्यांना मेल कर, ग्राहक क्रमांक आणि नोंदलेला मोबाईल नंबर लिही, दाखला आणि अर्ज करणाऱ्याचं म्हणजे माझं आधार जोड, आणि कुठल्या तारखेपासून बंद ते स्पष्ट लिही. राउटर परत दिल्याची पावती घ्यायची, नाहीतर नंतर त्याचे पैसे मागतात. एसआयपीला फंडाच्या ऑफिसात कळवायचं, पासबुकात `ACH D` अशी ओळ आहे तिच्याशेजारचा नंबर पण दे म्हणजे त्यांना मँडेट, पैसे कापायची परवानगी, शोधायला सोपं पडतं. तिथे जमलेले पैसे नॉमिनीच्या नावावर करायला वेगळा फॉर्म असतो, तो एसआयपी थांबल्यावर.

आणि काकाचं सिम इतक्यात बंद करू नको, छोटं रिचार्ज मारून ठेव. कार्डावरचे असे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज येतो, पासबुकात नजरेतून सुटलेलं एखादं असेल तर ते तिथेच कळेल. फक्त वाचायचं, ओटीपी आला तर कोणाला द्यायचा नाही. "क्लेम लवकर करून देतो" म्हणून फोन येतील त्यांना पण नाही.

वायफायचा मेल आजच पाठव, बिलाची तारीख जवळ आलीय, दाखला शनिवारी हातात आला की त्याच मेलवर मागाहून पाठव. शनिवारी येशील तेव्हा कुडाळला उतरूनच ये, दाखल्याचा अर्ज मी देऊन ठेवलाय, पोच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो.

तुझा बाबा