बिलावर छापलेला कर आणि देय असलेला कर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रिव्हर्स चार्जवरचा, म्हणजे विक्रेत्याऐवजी खरेदीदारानेच कर सरकारला भरण्याच्या पद्धतीवरचा, आपल्या अंकातला लेख वाचला. विक्रेत्याचा कर खरेदीदाराच्या गळ्यात मारला जातो, असा त्याचा सूर आहे. बरीच वर्षे लोकांची वहीखाती लिहीत आल्यामुळे सांगतो, खरेदीदार अडकतो हे खरे, पण लेखात दाखवलेल्या जागी नाही.

समजा मालाची किंमत १०० आणि कर २० टक्के. एरवी खरेदीदार विक्रेत्याला १२० देतो, विक्रेता त्यातले २० सरकारजमा करतो आणि खरेदीदार तेवढ्याच २० चे इनपुट क्रेडिट घेतो, म्हणजे स्वतःच्या विक्रीवरच्या करातून ते वजा करतो. रिव्हर्स चार्जमध्ये तो फक्त १०० देतो. मग स्वतःच्या विवरणपत्रात २० देणे म्हणून दाखवतो आणि क्रेडिटचा पूर्ण हक्क असेल तर तेवढेच क्रेडिटही घेतो. म्हणजे निव्वळ भरणा शून्य. भारतातल्या जीएसटीत हे देणे आधी रोखीने भरावे लागते, त्यामुळे थोडे दिवस पैसा अडकतो. ज्यांची स्वतःची विक्री करमुक्त आहे त्यांना क्रेडिटच मिळत नाही, त्यांचे २० खरेच खर्ची पडतात. लेखकाचे म्हणणे एवढ्यांपुरते मान्य.

मग हा उलटा खटाटोप कशाला? तर ते २० विक्रेत्याच्या हाती पडूच नयेत म्हणून. कर गोळा करायचा, भरायचा नाही आणि कंपनी गुंडाळून पसार व्हायचे, हा युरोपात मोठा धंदा झाला होता. ब्रिटनने जून २००७ पासून मोबाइल फोन आणि संगणकाच्या चिपना रिव्हर्स चार्ज लावला तो याचसाठी. वस्तू लहान, किंमत मोठी आणि रातोरात हात बदलणाऱ्या.

खरी ठेच लागते ती विक्रेता सवयीने बिलात कर लावतो तेव्हा. माझ्याकडच्या एका व्यवसायात असेच झाले. बिल नीटनेटके होते, कराचा रकाना भरलेला, बेरीज बरोबर. पैसे देणाऱ्या कारकुनाने बेरीज तपासली आणि १२० च्या हिशेबाने रक्कम देऊन टाकली. त्यावर क्रेडिटही घेतले गेले. व्यवहार रिव्हर्स चार्जचा होता हे पुढे तपासणीत निघाले.

अशा वेळी माणूस म्हणतो, ‘अहो, कर तर मी भरलाय!’ भरलाय, पण चुकीच्या माणसाला. क्रेडिट मिळते ते कायद्याने देय असलेल्या कराचे. बिलावर छापला म्हणून कर देय होत नाही. त्यामुळे आमचे ते क्रेडिट नाकारले गेले. शिवाय खरे देणे वेगळे दाखवावे लागले. त्याचे क्रेडिट मिळाल्याने ती बाजू शून्यावर आली, पण विक्रेत्याकडे गेलेले जादा पैसे तिथेच राहिले. त्याने दुरुस्तीची क्रेडिट नोट काढली तेव्हा कुठे ते परत आले, आणि तोवर किती महिने गेले ते विचारू नका.

आमचा विक्रेता निदान जागेवर होता. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिलेल्या रुमानियाच्या प्रकरणात तो दिवाळखोर झाला होता आणि त्याने घेतलेला कर सरकारजमा केलेलाच नव्हता. तरीही न्यायालयाने खरेदीदाराला क्रेडिट दिले नाही. कर विक्रेत्याला देणे हीच मुळात चूक, असे ते म्हणाले. २०१७ च्या हंगेरीच्या प्रकरणात विक्रेत्याने कर सरकारला भरला होता. तिथेही क्रेडिट नाहीच. मात्र विक्रेत्याकडून वसुली अशक्य किंवा फारच अवघड झाली, तर खरेदीदाराला परतावा थेट कर खात्याकडे मागता आला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. महसूल बुडालेला नसताना आणि फसवणुकीचा मागमूस नसताना ५० टक्के दंड ठोकणे अतिरेकाचे आहे, असेही बजावले. मला हा निकाल अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण सरकारच्या तिजोरीत पैसा आलेला असताना शिक्षा फक्त चुकीच्या रकान्याची होत होती.

म्हणून मी आता बिल हाती आले की बेरजेआधी दोन गोष्टी पाहतो. हा व्यवहार रिव्हर्स चार्जच्या यादीतला आहे का, आणि असेल तर ‘कर खरेदीदाराने भरायचा’ अशी नोंद बिलावर आहे का. यादीत असूनही विक्रेत्याने कर लावलेला दिसला, तर पैसे थांबवून सुधारित बिल मागवतो. नोंद राहून गेली म्हणून खरेदीदाराची जबाबदारी टळत नाही, कारण ती विक्रेत्याच्या छपाईवर ठरत नाही. विक्रेते कुरकुरतात, ‘आमचं सॉफ्टवेअर आपोआप लावतं हो’ म्हणतात. लावू दे. पैसे एकदा गेले की सॉफ्टवेअर ते परत आणून देत नाही.

आपला,
एक हिशेबनीस वाचक