शब्द बरोबर होते, मग भोपळा का?

संपादक साहेब,

परवाच्या अंकात एका पालकांचं पत्र वाचलं. त्यांच्या मुलाला इंग्रजीच्या चाचणीत भाषांतराला भोपळा मिळाला, आणि वर्गातल्या एका मुलीने 'मनाचं' लिहूनही तिला पैकीच्या पैकी, हा अन्याय आहे असं त्यांचं म्हणणं. मीही शाळेत इंग्रजीच शिकवते. तो पेपर माझ्याकडे नव्हता, पण असता तर मीही भोपळाच दिला असता.

वाक्य होतं 'आय कुड नॉट हेल्प लाफिंग'. मुलाने लिहिलं, "मी हसण्याला मदत करू शकलो नाही." मुलीने लिहिलं, "मला हसू आवरेना."

पालक म्हणतात डिक्शनरी बघा, हेल्प म्हणजे मदत. अहो बघितली, पण त्याच शब्दाखाली जरा अजून उतरलं ना की टाळणं, रोखणं हाही अर्थ दिलेला असतो, आणि कॅन नॉट किंवा कुड नॉट, मग हेल्प आणि त्यापुढे आयएनजीवालं क्रियापद असं आलं की हाच अर्थ घ्यायचा, तिथे मदतीचा काही संबंधच नाही. मुलाचं वाक्य नुसतं मराठीत वाचा, इंग्रजी झाकून. हसत होतं दुसरंच कोणीतरी आणि ह्याने हातभार लावला नाही असं वाटतं की नाही? मुळात हसला तर हाच होता!

आता मुलीने मनाचं काय घातलं? काहीच नाही. इंग्रजीत कर्ता 'आय' आहे, मराठीत आपण हसू, रडू, झोप यांनाच कर्ता करतो आणि माणूस 'मला' होऊन बाजूला बसतो, म्हणून 'मी'चं 'मला' झालं. आणि कुड नॉट कुठे गेलं म्हणाल तर ते 'आवरेना'तल्या त्या 'ना'मध्ये आहे, जमलं नाही हे त्यातच आलं. नकार आला, भूतकाळ आला, रोखायचं होतं पण जमलं नाही हेही आलं.

अर्थ घ्यायचा म्हणजे वाट्टेल ते चालतं असं मात्र नाही हं. कोणी "मी खूप हसलो" लिहिलं असतं तर मी अर्धाच मार्क दिला असता, कारण न आवरण्याचा भागच गळाला, आणि 'खूप' तर मुळात नव्हतंच. उलट 'माय सिस्टर लिव्हज इन पुणे' याचं "माझी बहीण पुण्यात राहते" हे शब्दाला शब्दच आहे आणि त्याला पूर्ण मार्क, त्यात कोण कशाला खोट काढेल.

पालकांची एक तक्रार मात्र मला पटली, बाईंनी लाल पेनाने नुसती फुली मारली. 'हेल्प'खाली रेघ ओढून बाजूला 'रोखणे' एवढं लिहिलं असतं तर पोराला तिथल्या तिथे कळलं असतं, आणि घरी डिक्शनरी काढून भांडायची वेळही आली नसती.

आपली एक वाचक