मिठी मारण्याआधी दोन पावलं

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी सगळे जमले तेव्हा तू दारातच एकेकाला मिठी मारत होतास. मामाने तर तुला जवळजवळ उचललंच. मग सईताईची वेळ आली. मी बाजूलाच उभी होते, म्हणून तुला दिसलं नाही ते मला दिसलं. तू हात पसरलेस तशी तिने पर्स छातीशी धरली आणि अर्धं पाऊल मागे सरकली. तू मिठी मारलीस तेव्हा तिचे खांदे ताठ होते. मग तिने तुझ्या पाठीवर दोनदा भराभर थोपटलं. तुला ती माया वाटली असेल, पण असं घाईचं थोपटणं बरेचदा "आता सोड" एवढंच सांगत असतं.

संध्याकाळी मी तिला विचारलं. ती तुझ्यावर अजिबात रागावलेली नाही. तिला अंगाला झालेला स्पर्श सहन होत नाही, अगदी जवळच्या मैत्रिणीचाही. सगळ्यांसमोर "नको" म्हणणं तिला जमत नाही, म्हणून ती श्वास रोखून उभी राहते.

म्हणून एक कर. समोरच्यापासून दोन पावलांवर थांब. हात खालीच असू देत, कारण हात पसरून विचारलंस तर नाही म्हणणाऱ्याला तुझे हात परतवावे लागतात. "मिठी, की हात मिळवू या?" असं हळूच विचार. नकार देण्यापेक्षा दोनातलं एक निवडणं माणसाला सोपं जातं. "हं, चालेल" असं तोंडाने आलं आणि अंग मात्र तिथेच थिजलेलं असलं, तर ते हो समजू नकोस. नुसतं हसून बोलायला लाग. नको म्हटल्यावर कारण विचारायचं नाही, की "आपल्यात काय एवढं" म्हणायचं नाही. आणि काल ज्याने स्वतःहून मिठी मारली, त्याला आज ताप असेल, खांदा दुखत असेल, किंवा नुसतं नकोसं वाटत असेल. विचारायला दोन सेकंदं लागतात.

हे मी तुला शिकवायला हवं होतं. उलट तू पाच वर्षांचा असताना, घरी आलेल्या एका पाहुण्यांना मिठी मार म्हणून मीच तुला पुढे ढकललं होतं. तू माझा पदर मुठीत धरला होतास आणि मी ती मूठ सोडवली. चारचौघांत वाईट दिसेल, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. त्या दिवशी तुझं चुकलं नव्हतं रे, माझं चुकलं होतं.

सईताई पुढच्या महिन्यात पुन्हा येते आहे. तिला लांबून हात हलवलेला आवडतो, हे तिनेच मला सांगितलं.

तुझी,
आई