हरतालिकेच्या पाण्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, डोळ्यात औषध वेळेवर टाकत जा. दादाला तशी आठवण देऊन ठेवली आहे.

आई, यंदा तुझ्या सुनेने हरतालिकेला पाणी घेतलं हे तुला कोणाकडून तरी कळलं आणि तू फोनवर गप्प झालीस. चूक माझीच समजलीस ना? मी देवाधर्माचा नाही, म्हणून मीच तिला फितवलं असं तुला वाटलं असणार.

वैशाखात तिच्या कुशीतून कळा आल्या ते तुला माहीत आहे. सोनोग्राफीत ६ मिलिमीटरचा मुतखडा निघाला. लघवी पाण्यासारखी स्वच्छ दिसेल इतकं पाणी रोज प्यायचं, हळदीसारखी पिवळी झाली की कमी पडलं समजायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यात हा उपास निर्जळ, तोही दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत. तान्हा पोळा झाला त्या रात्री मी म्हणालो, "बंद कर हे सगळं." ती काही बोलली नाही. सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही देव मानू नका, मले काही म्हनायचं नाही. पन माह्या पूजेले सगळं काय म्हंता?"

तिचं बरोबर होतं. मला फक्त पाणी हवं होतं आणि मी तिची अख्खी श्रद्धाच मोडीत काढायला निघालो होतो. गेली सहा वर्षं ती उपाशी असताना मी तिच्याच हातचा चहा मागत आलो. हेही तिने त्याच दिवशी सांगितलं.

मग ती स्वतःच भटजीबुवांकडे गेली. त्यांनी तिला एक जुना श्लोक लिहून दिला. तो कागद देव्हाऱ्यात ठेवला आहे:

अष्टैतान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः ।
हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम् ॥

पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध, या आठांनी व्रत मोडत नाही. त्यात पाणी पहिलं. माझ्या बोलण्याने जे झालं नाही, ते तिच्याच शास्त्राने झालं.

उपास मी केला नाही, खोटं कशाला सांगू? पण नाल्यावरून वाळू आणली, आघाडा, बेल, धोतरा आणला आणि कहाणी संपेपर्यंत तिच्याजवळ बसलो. ती पिंडीवर पाणी घालायची आणि मग तांब्यातलं स्वतः घोटभर घ्यायची. दर घोटाआधी हात जोडायची.

एवढं होऊनही तिचं मन खातं आहे, कारण निर्जळ करायला तिला तू शिकवलंस. पुढच्या महिन्यात नवरात्र आहे आणि नऊही दिवस धरायचे तिच्या मनात आहे. आई, त्याआधी तू तिला फोन कर आणि पाणी घे म्हणून सांग. त्या आठांत गुरूचं वचनही आहे, आणि तिच्यासाठी ते तुझंच.

तुमचा,
बाळू