ब्लॉक वेगळं, डीएनडी वेगळं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात ‘नको असलेल्या कॉल्सपासून सुटका’ म्हणून जे छापलंय ना, त्यात डीएनडी, म्हणजे ‘जाहिराती नकोत’ अशी आपण केलेली नोंद, आणि नंबर ब्लॉक करणं हे एकच असल्यासारखं लिहिलंय. लिहिणाऱ्याला लोनवाल्यांचे फोन येत नसावेत, नशीबवान माणूस.

मला रोज येतात. मोंढ्यात सोयाबीनचा लिलाव चालू, आडत्याचा फोन येणार म्हणून मोबाईल हातातच, आणि वाजला की ‘सर, पर्सनल लोन पाहिजे का’. नंबर ब्लॉक केला. दुसऱ्या दिवशी तीच बाई, तेच बोलणं, नंबर मात्र दुसरा, शेवटचे आकडे तेवढे बदललेले. ब्लॉक केलं म्हणजे तो एक नंबर माझ्या एका फोनवर बंद झाला, बास. सिमकार्डवाल्या कंपनीला त्याचा पत्ताच नसतो, आणि लोनवाल्यांकडं नंबरांचा काय तुटवडा आहे का?

डीएनडी कंपनीच्या बाजूनं लागतं. 1909 ला FULLY BLOCK असा मेसेज टाकला की सगळ्या जाहिराती बंद, नुसत्या बँक-लोनच्या बंद करायच्या तर BLOCK 1. हँडसेट बदलला तरी नोंद नंबरवर राहते. पण ती नोंद नियम पाळणाऱ्यांनाच अडवते, म्हणजे 140 नं सुरू होणारे जाहिरातीचे कॉल आणि ज्या मेसेजच्या नावाशेवटी -P असतं ते. ओटीपी, बँकेचे, सरकारी मेसेज येतच राहतात, ते यायलाच पाहिजेत. साध्या दहा आकडी नंबरवरून लोन विकणारा मुळात रजिस्टरच नसतो, त्याला कुठलं डीएनडी?

त्याच्यावर इलाज तक्रारीचा. कॉल कशाचा होता ते, त्याचा नंबर आणि तारीख लिहून सात दिवसांच्या आत 1909 ला पाठवायचं, फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ट्रायच्या ॲपवरूनही होतं. नियमांतल्या 2025 च्या बदलानंतर तर असल्या बिगररजिस्टरवाल्याविरुद्ध तक्रारीला डीएनडीची नोंदही लागत नाही. दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या लोकांनी केली की त्याच्यावर कारवाई सुरू होते. म्हणून आधी तक्रार, मग खुशाल ब्लॉक करा. हे छापायचं सोडून तुम्ही सांगता, ‘अनोळखी नंबर सरसकट बंद ठेवा’. वा! आमच्या शेजाऱ्यांच्या पोरानं त्यांच्या फोनला तेच करून ठेवलं, तर दवाखान्यातून रिपोर्टसाठी आलेला फोन वाजलाच नाही, अन् म्हातारा दिवसभर वाट बघत बसला.

आणि जाता जाता, डीएनडी असूनसुद्धा ज्याला आपण स्वतः परवानगी दिली त्याचे मेसेज येतात. तुमच्या पुरवणीतल्या बक्षीस योजनेच्या कूपनवर मोबाईल नंबर मागता, खाली मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी ‘सहमत आहे’ असतं. ते जरा मोठ्या अक्षरात छापता का? चष्मा लावूनही वाचता येईना.

आपला,
एक वाचक, मानवत (जि. परभणी)