वेतनवाढ कराराचा मराठी मसुदा : रविवारी वाचन

सर्व सभासदांना नमस्कार. नव्या तीन वर्षांच्या कराराचा मराठी मसुदा रविवारी सकाळी 10 वाजता पिंपरीच्या युनियन ऑफिसमध्ये वाचला जाईल. एचआरचे लोकही येणार आहेत. शिफ्ट मॅनेजरांना हाच मसुदा मिळणार आहे, म्हणजे शॉपवर एक आणि केबिनमध्ये दुसरंच, असं होणार नाही.

शॉपवर "बारा हजार वाढले" अशी हवा आहे. इंग्रजी मसुद्यात ते 12,000 सीटीसीवर आहेत आणि 60, 25, 15 टक्के असे तीन वर्षांत विभागलेत. पहिल्या वर्षी आले 7,200. त्यातले 60 टक्के, म्हणजे 4,320, बेसिकमध्ये. आपल्याकडे पीएफ पूर्ण बेसिकवर कापतात, त्यामुळे कंपनीचा 12 टक्के हिस्सा 518 आणि ग्रॅच्युइटीची 4.81 टक्के तरतूद 208 या 7,200 मधूनच जातात. उरले 6,474. त्यातून तुमचा पीएफ 518 वजा केला की हातात सुमारे 5,956. पीएफ तुमच्याच खात्यात जमा होतो, पण घराचा हप्ता त्यातून भरता येत नाही!

म्हणून मराठीत नुसतं "पगारवाढ" न लिहिता "कंपनीच्या एकूण खर्चातील वाढ" असं लिहिलंय, खाली हा हिशोबही जोडलाय. कलमांचे क्रमांक इंग्रजीप्रमाणेच ठेवलेत; वाद झाला तर इंग्रजी प्रतच ग्राह्य धरायचं ठरलंय.

येताना मागच्या महिन्याची पगाराची स्लिप आणा. एरिअर्सचं कलम त्यावरूनच तपासू.

— सरचिटणीस