सूचना: व्हीपीएफ वाढवण्याआधी हातात येणारा पगार तपासा

हिंजवडीतल्या सर्व सभासदांना,

व्हीपीएफचा, म्हणजे पीएफमध्ये स्वतःहून भरायच्या जादा रकमेचा, अर्ज भरण्याआधी पगारपत्रकातला बेसिक बघा. कंपनी फक्त स्वतःचा ठरलेला पीएफ भरते. आपण वाढवलेल्या रकमेला तिची जोड मिळत नाही.

समजा बेसिक 60,000 आहे. 12 टक्क्यांप्रमाणे पीएफ महिना 7,200, म्हणजे वर्षाला 86,400. त्यावर महिना 10,000 व्हीपीएफ सुरू केला, तर नव्या करप्रणालीत हातातला पगार सरळ 10,000 ने घटतो, कारण तिथे 80सी ची सूट नाही. ‘टॅक्स वाचेल’ म्हणून घाई करणाऱ्यांनी आधी आपली प्रणाली कोणती ते पाहावं.

जुन्या प्रणालीत 80सी ची मर्यादा दीड लाख, त्यातून पीएफचे 86,400 वजा जाता 63,600 उरतात. 30 टक्क्यांच्या टप्प्यात सेससह सुमारे 19,840 कर वाचतो, म्हणजे महिन्याला 1,650 च्या आसपास; पगार साधारण 8,350 नेच कमी होतो. पण एलआयसी किंवा गृहकर्जाच्या मुद्दलाने 80सी आधीच भरली असेल, तर हा फायदा शून्य.

दुसरी मर्यादा दोन्ही प्रणालींत लागू आहे. आपला पीएफ आणि व्हीपीएफ मिळून वर्षाला अडीच लाखांवर गेला, की वरच्या रकमेचं व्याज करपात्र होतं. या उदाहरणात व्हीपीएफ महिना 13,633 पर्यंत ठेवला तर तो प्रश्न येत नाही. मात्र पगारवाढीनंतर बेसिक वाढला की पीएफही वाढतो, तेव्हा हा आकडा पुन्हा काढावा लागेल.